पितळी पिन फिन, रोधी टोक: बुडाची उष्णता आणि टोकाचे तापमान

पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे उष्णता-संक्रमणाचे प्रयोग घेते. तिथल्या पिन फिनच्या संचावर एका गटाने केलेले गणित, त्यात निघालेली चूक आणि ती सुधारल्यावरही उरलेला फरक असे हे संपूर्ण प्रकरण आहे. संच साधा आहे. पिन फिन म्हणजे उष्णता हवेत सोडणारी बारीक दांडी; इथे ती पितळेची आणि गोल आहे, एका बाजूने हीटरच्या ठोकळ्यात बसवलेली असून तिचा उरलेला भाग चौकोनी डक्टमध्ये आडवा जातो, आणि पंख्याने ओढलेली हवा तिच्यावरून काटकोनात वाहते. दांडीच्या मोकळ्या टोकावर टेफ्लॉनची चकती बसवली आहे. त्यामुळे प्रयोगपत्रिकेत टोक उष्णतारोधी, म्हणजेच अॅडियाबॅटिक धरायला सांगितले आहे.

पत्रिकेत दिलेली मापे अशी होती. दांडीचा व्यास d १२ मिलिमीटर, डक्टमधली लांबी L १५० मिलिमीटर, पितळेची उष्णतावाहकता k ११० वॅट प्रति मीटर-केल्विन, बुडाचे तापमान १०० अंश सेल्सिअस आणि हवेचे ३० अंश सेल्सिअस. हवेचा वेग सेकंदाला सुमारे पाऊण मीटर होता आणि त्या वेगासाठी संवहन गुणांक h २५ वॅट प्रति चौरस मीटर-केल्विन दिला होता. विचारलेल्या गोष्टी दोनच होत्या: बुडातून दांडीत दर सेकंदाला किती उष्णता शिरते आणि टोकाचे तापमान किती असते.

गटाने आणलेली उत्तरे ३.९० वॅट आणि ७८.० अंश अशी होती, पण टोकाजवळच्या थर्मोकपलवर ६८.० अंश दिसत होते. दहा अंशांची ही तफावत थर्मोकपलच्या माथी मारून वही पुरी करायची गटाची तयारी होती. गटातली एक विद्यार्थिनी मात्र थांबली आणि म्हणाली, "मॅडम, थर्मोकपल दहा अंश चुकत असेल, तर बाकीच्या चार थर्मोकपलांवर आपण विश्वास का ठेवतो?" प्रश्न रास्त होता, म्हणून आम्ही वाचने बाजूला ठेवली आणि गणित पहिल्यापासून मांडले.

सर्वांत आधी एक गोष्ट तपासावी लागते. दांडीच्या एखाद्या आडव्या छेदात मध्यावरचे आणि पृष्ठभागावरचे तापमान जवळजवळ सारखे असेल, तरच तापमान फक्त लांबीवर अवलंबून आहे असे म्हणता येते. त्यासाठी बायो अंक hr/k काढतात. इथे तो २५ गुणिले ०.००६ भागिले ११०, म्हणजे सुमारे ०.००१४ येतो. इतक्या लहान अंकाचा अर्थ असा की, दांडीच्या आतून पृष्ठभागापर्यंत येताना उष्णतेला होणारा अडथळा पृष्ठभागावरून हवेत जाताना होणाऱ्या अडथळ्याच्या तुलनेत नगण्य आहे. एकमितीय गणित इथे निर्धास्तपणे चालते.

मग दांडीचा एक पातळ काप डोळ्यांसमोर आणायचा. त्याच्या एका बाजूने उष्णता येते, दुसऱ्या बाजूने थोडी कमी पुढे जाते आणि मधला फरक कापाच्या परिघावरून हवेत जातो. हवेच्या तापमानापेक्षा दांडीचे तापमान जितके जास्त, त्या जादा तापमानाला θ म्हटले, तर कापाच्या या हिशेबातून θ चा लांबीवरचा वक्र मिळतो. टोकातून काहीच बाहेर जात नाही, म्हणजे टोकाशी वक्राचा उतार शून्य असतो. ही अट घातली की पुढील तीन सूत्रे हाती येतात.

```
m   = √(hP / kA) = √(4h / kd)
Q_b = k A m θ_b tanh(mL)
θ_L = θ_b / cosh(mL)
```

इथे P हा परीघ आणि A हे छेदाचे क्षेत्रफळ, Q_b ही बुडाची उष्णता, तर θ_b आणि θ_L ही बुडाशी आणि टोकाशी असलेली जादा तापमाने. गोल दांडीसाठी P म्हणजे πd आणि A म्हणजे πd²/4, म्हणून P/A चे मूल्य 4/d येते. गट नेमका इथेच घसरला होता. त्रिज्येच्या भाषेत हेच गुणोत्तर 2/r असते. गटाला त्यातला 2 आठवला, पण भाजकात त्यांनी त्रिज्येऐवजी व्यास घातला आणि गुणोत्तर निम्मे झाले. योग्य m मीटरला ८.७० आहे, त्यांचा ६.१५ आला. त्यामुळे mL १.३०६ ऐवजी ०.९२३ झाले. कागदावर दांडी आखूड असल्यासारखी वागू लागली, तिचे टोक गरम राहिले आणि बुडातून शिरणारी उष्णता कमी दिसू लागली.

ही चूक उत्तराकडे नुसते पाहून लक्षात येत नाही. ७८ अंश हे तापमान १०० आणि ३० च्या मध्ये बसते, आणि ३.९ वॅट हा आकडाही अशक्य वाटत नाही. म्हणून मी प्रत्येक गटाला एक ताळा करायला लावते, आणि माझ्या मते या गणितात त्याच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. टोकातून काही जात नसेल, तर बुडातून शिरलेली सगळी उष्णता बाजूच्या पृष्ठभागावरूनच हवेत गेली पाहिजे. पृष्ठभागाचे क्षेत्रफळ PL हे m शिवाय, थेट मापांवरून काढता येते. दांडीचे सरासरी जादा तापमान वक्रावरून θ_b tanh(mL)/(mL) इतके येते. तेव्हा h, PL आणि हे सरासरी तापमान यांचा गुणाकार बुडाच्या उष्णतेइतकाच यायला हवा.

गटाच्या आकड्यांवर हा ताळा करून पाहिला. त्यांचे सरासरी जादा तापमान ५५.१५ अंश होते आणि पृष्ठभाग ०.००५६५५ चौरस मीटर होता, म्हणून हवेत जाणारी उष्णता ७.८० वॅट आली. बुडातून शिरते ३.९० आणि बाजूने जाते ७.८०, म्हणजे शिरलेल्याच्या बरोबर दुप्पट. तफावत वेडीवाकडी न येता नेमकी दुप्पट आली, यावरूनच चूक वाचनातली किंवा आकडेमोडीतली नसून एखाद्या गुणोत्तरात २ कमी पडल्याची आहे हे कळते. मग P/A पर्यंत पोचायला दोन मिनिटेही लागली नाहीत.

आता योग्य गणित. kA चे मूल्य ०.०१२४४ येते आणि बुडाचे जादा तापमान ७० अंश आहे. mL १.३०६ असताना tanh ०.८६३ आणि cosh १.९८० येतो. बुडाची उष्णता ०.०१२४४ गुणिले ८.७० गुणिले ७० गुणिले ०.८६३, म्हणजे ६.५४ वॅट. टोकाचे जादा तापमान ७० भागिले १.९८०, म्हणजे ३५.३ अंश, म्हणून टोक ६५.३ अंशांवर. ताळ्यासाठी सरासरी जादा तापमान ४६.३ अंश येते, त्याला h आणि PL ने गुणले की पुन्हा ६.५४ वॅट मिळतात. कॅल्क्युलेटर वापरताना hyp ची कळ दाबायची राहिली, तर tanh च्या जागी साधा tan निघतो. tanh शून्य आणि एक यांच्या मध्ये आणि cosh एकापेक्षा मोठा आला पाहिजे, एवढे पाहिले तरी ही चूक बहुतेक वेळा पकडता येते.

त्याच गटातल्या एका विद्यार्थ्याने याच वेळी वेगळी वाट सुचवली. बूड १०० अंशांवर आहे आणि टोक ६५.३ अंशांवर आहे, मग १५ सेंटीमीटरमध्ये ३४.७ अंशांचा उतार धरून kA(T_b − T_L)/L असे केले तर उष्णता मिळणार नाही का? या वाटेने उत्तर २.८७ वॅट येते, निम्म्याहूनही कमी. असे का होते ते समजून घेण्यासारखे आहे, कारण बुडाच्या उष्णतेचा खरा अर्थ त्यातूनच उलगडतो. हे सूत्र दोन्ही टोकांमध्ये तेवढीच उष्णता वाहते असे गृहीत धरते, आणि इथे तर दांडीत शिरलेली उष्णता वाटेत सतत गळत असते. बुडाशी तापमान सेंटीमीटरमागे सुमारे ५.३ अंशांनी उतरते. पुढे हा उतार मंदावत जातो आणि टोकाशी शून्य होतो. बुडातून किती उष्णता शिरते हे फक्त बुडाशी असलेल्या उतारावरून ठरते, सरासरी उतारावरून नाही. दांडीच्या मध्यावर तापमान ७३.१ अंश असते आणि तिथून पुढे जाणारी उष्णता २.६८ वॅटच उरलेली असते. म्हणजे शिरलेल्या ६.५४ पैकी ३.८६ वॅट पहिल्या साडेसात सेंटीमीटरमध्येच हवेत गेलेले असतात.

यानंतर टोकाची चर्चा निघाली. विद्यार्थ्यांना नेहमी वाटते की, या गणितातले सर्वांत नाजूक गृहीतक हेच आहे, कारण प्रत्यक्षात कोणतेच टोक पूर्ण रोधी नसते. आमच्या चकतीचेच पाहा. टेफ्लॉनची वाहकता सुमारे ०.२५ वॅट प्रति मीटर-केल्विन आहे. दहा मिलिमीटर जाडीची चकती आणि तिच्या बाहेरची हवा असे दोन अडथळे या मापात जवळजवळ सारखे निघतात, म्हणून चकतीमुळे टोकाची गळती बंद होत नाही, साधारण निम्मी होते. पण ती गळती मुळात किती आहे? चकती काढून टोक पूर्ण उघडे ठेवले, तर टोकाच्या चेहऱ्यावरून ०.०९८ वॅट जातात आणि टोकाचे तापमान ६५.३ वरून ६४.६ वर येते. बुडाची उष्णता मात्र फक्त ०.०४९ वॅटने, म्हणजे पाऊण टक्क्याने वाढते. टोकातून जेवढी उष्णता जास्त गेली तेवढीच बुडात जास्त शिरायला हवी होती, असे प्रथम वाटते. पण टोक थोडे थंड झाले की त्याच्यामागची दांडीही थंड होते आणि बाजूने जाणारी उष्णता तेवढी घटते. बुडापर्यंत टोकाच्या गळतीचा 1/cosh(mL) इतकाच भाग पोचतो, म्हणजे इथे निम्मा.

उघड्या टोकासाठी लांब सूत्र आठवत नसेल, तर लांबीत d/4 मिळवून पुन्हा रोधी टोकाचेच सूत्र वापरता येते. इथे १५० च्या जागी १५३ मिलिमीटर घेतले की ६.५९ वॅट मिळतात, आणि नेमक्या सूत्राच्या उत्तरापासून ते वेगळे काढता येत नाहीत. दांडी बारीक आणि लांब असेल तोवर हे चालते. बुटक्या, जाड दांडीत टोकाचा पृष्ठभाग एकूण पृष्ठभागाचा मोठा हिस्सा होतो, आणि मग रोधी टोकाचे गृहीतक अंगाशी येते.

आमच्या दांडीत खरी अनिश्चितता h मध्ये आहे. वाहत्या हवेत आडव्या ठेवलेल्या दांडीसाठी जी सूत्रे वापरतात, त्यांच्या उत्तरात वीस टक्के इकडेतिकडे होणे नेहमीचे असते. h २० घेतला तर बुडाची उष्णता ५.५८ वॅट आणि टोक ६९.७ अंश येते. h ३० घेतला तर ७.४० वॅट आणि ६१.७ अंश. टोकाच्या गृहीतकाने पाचशतांश वॅटचा फरक पडतो, तर h मधल्या वीस टक्क्यांनी जवळजवळ एका वॅटचा. म्हणून माझे विद्यार्थी टोकाबद्दल दोन पाने लिहून h एका ओळीत आटोपतात तेव्हा मी ती वही परत देते.

गटाच्या प्रकरणात हाच मुद्दा पुढे कामी आला. योग्य गणिताचे उत्तर ६५.३ आणि थर्मोकपलचे वाचन ६८.०, म्हणजे दहा अंशांची तफावत आता २.७ अंशांवर आली होती, पण ती उरलीच होती. थर्मोकपल बरोबर मानले आणि गणित उलट दिशेने चालवले, तर टोकाचे तापमानच h सांगते. cosh(mL) म्हणजे ७० भागिले ३८, १.८४२. त्यावरून mL १.२२१, m ८.१४ आणि h सुमारे २१.९ येतो. हाच m बुडाच्या सूत्रात घातला की ५.९५ वॅट मिळतात. अशा रीतीने बूड, टोक आणि हवा या तीन तापमानांवरून, h बाहेरून न घेता, बुडाची उष्णता मिळते. मात्र टोकाच्या वाचनात एका अंशाची चूक असेल, म्हणजे ६८ ऐवजी ६७ असेल, तर h २३.० आणि उष्णता ६.१७ वॅट होते. थर्मोकपल बर्फाच्या पाण्यात आणि उकळत्या पाण्यात तपासल्याशिवाय या उलट्या गणितावर भिस्त ठेवू नये. पुण्यात उकळत्या पाण्याचे तापमान १०० अंश धरायचे नाही, सुमारे ९८ धरायचे.

२५ आणि २१.९ मधल्या फरकाचा थोडा भाग पुण्याच्या उंचीचाच आहे. पत्रिकेतला २५ हा आकडा समुद्रसपाटीच्या हवेचे गुणधर्म घेऊन काढलेला होता. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि तिथे हवेचा दाब साडेसहा टक्के कमी, साधारण ९५ किलोपास्कल असतो. त्याच वेगाची हवा तितकी विरळ असल्यामुळे रेनॉल्ड्स अंक त्याच प्रमाणात घटतो. या वेगाला h रेनॉल्ड्स अंकाच्या साधारण ०.४७ व्या घातानुसार बदलतो, म्हणून h तीन टक्क्यांनी कमी होऊन २४.२ च्या आसपास येतो. उरलेल्या फरकात डक्टच्या भिंतीलगतच्या मंद हवेचा वाटा असणार, कारण दांडीचा बुडाजवळचा भाग त्याच थरात असतो आणि सूत्र मात्र सगळ्या लांबीवर एकच वेग धरते.

प्रारण उलट दिशेने काम करते. आमची दांडी पॉलिश केलेली असल्यामुळे त्याचा वाटा अर्ध्या एककाहूनही कमी आहे. पण काही सत्रांनी पितळ काळवंडले आणि त्याची उत्सर्जकता ०.६ च्या आसपास गेली, तर h मध्ये प्रारणाचे चार-पाच एकक मिळतात आणि तोच पंखा, तोच हीटर असूनही टोक तीनेक अंशांनी थंड दिसू लागते. सत्राच्या सुरुवातीला दांडी घासून घेण्याचे कारण हे आहे, संच नीटनेटका दिसावा म्हणून ते करायचे नसते.

एक मर्यादा मी गटाला त्यांच्या निष्कर्षाच्या ओळीतच लिहायला लावली. तापमानांवरून फक्त m मिळतो, आणि m मध्ये h आणि k यांचे गुणोत्तर असते. पितळेतल्या तांब्या-जस्ताच्या प्रमाणानुसार त्याची वाहकता बदलते, आणि आमची दांडी ज्या सळईतून कापली तिच्या मिश्रणाचा दाखला आमच्याकडे नाही. k ११० च्या जागी १२० असेल, तर त्याच तापमानांवरून h २३.८ आणि बुडाची उष्णता ६.४९ वॅट निघते, आणि एकाही थर्मोकपलचे वाचन हे सांगू शकत नाही. हीटरला दिलेली वीज मोजूनही हा प्रश्न सुटत नाही, कारण ठोकळ्याच्या बाजूंनी जाणारी उष्णता त्यात मिसळलेली असते. म्हणून गटाच्या वहीत शेवटी अशी नोंद झाली: टोक ६८.० अंश, वाचनावरून. बुडाची उष्णता ५.९५ वॅट, k ११० धरून.